ऑपेरा सेरिया आणि ऑपेरा बुफा

ऑपेरा सेरिया आणि ऑपेरा बुफा हे अठराव्या शतकातील इटालियन ऑपेराचे दोन प्रमुख प्रकार होत. ‘सेरिया’ म्हणजे गंभीर आणि ‘बुफा’ म्हणजे विनोदी. पहिल्या प्रकारात राजे, सेनापती व पुराणकथांतील वीर यांच्या कर्तव्य आणि प्रेम यांमधील संघर्षाची कथा असे. दुसऱ्यात घरधनी, मोलकरणी, वैद्य, वकील व लष्करी शिपाई अशी नित्याच्या जीवनातील माणसे असत. मात्र या दोहोंतील खरा भेद केवळ विषयाचा नाही. रंगभूमीवर गाणे सुरू झाले की कथा थांबते की पुढे सरकते, या प्रश्नाला दोन्ही प्रकारांनी वेगवेगळी उत्तरे दिली. अठराव्या शतकाच्या मध्यास ऑपेराच्या सुधारणेची जी मागणी झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

विभागणीचा उगम

सतराव्या शतकातील व्हेनिसच्या ऑपेरात गंभीर आणि विनोदी प्रसंग एकत्रच असत. राजकन्येच्या विलापानंतर लगेच तिच्या म्हाताऱ्या दाईचा फार्स रंगे. शतकाच्या अखेरीस इटलीतील काही साहित्यिकांना हे मिश्रण ओंगळ वाटू लागले. ग्रीक शोकांतिका आणि फ्रेंच नाटककार कोर्नेय व रासीन यांच्या नाटकांचा आदर्श समोर ठेवून त्यांनी ऑपेराच्या संहितेला साहित्यिक शिस्त लावण्याचे ठरविले. आपोस्तोलो झेनो आणि त्याच्यानंतर पिएत्रो मेतास्तासिओ (१६९८–१७८२) हे या चळवळीचे प्रमुख कवी होत. त्यांनी विनोदी पात्रे कथेबाहेर काढली, उपकथानके छाटली आणि पात्रांची संख्या साधारणपणे सहा-सातवर आणली.

म्हणजे ऑपेरा सेरिया हा स्वतःच एका सुधारणेतून जन्माला आला. पुढे ज्या साच्यावर टीका झाली, तो साचा मुळात अव्यवस्था दूर करण्यासाठी घडविलेला होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या टीकेचे स्वरूप नीट कळत नाही.

कथेबाहेर काढलेली विनोदी पात्रे नाहीशी झाली नाहीत. गंभीर ऑपेराच्या दोन अंकांमधल्या वेळेत दोन-तीन पात्रांची छोटी स्वतंत्र विनोदी कथा सादर करण्याची पद्धत पडली. या मध्यंतरिकेला ‘इंतेरमेत्झो’ म्हणत. याच सुमारास नेपल्समध्ये स्थानिक बोलीतील पूर्ण लांबीचे विनोदी ऑपेराही होऊ लागले होते. या दोन प्रवाहांतून ऑपेरा बुफा विकसित झाला.

ऑपेरा सेरियाची रचना

ऑपेरा सेरिया बहुधा तीन अंकी असे. त्यात दोन प्रकारचे गायन आळीपाळीने येई. पहिला प्रकार म्हणजे ‘रेचितातीव्हो’. यात संवाद बोलण्याच्या लयीत, अगदी थोड्या स्वरांच्या आधाराने म्हटले जात आणि साथीला मुख्यतः हार्प्सिकॉर्ड व एखादे खर्जाचे तंतुवाद्य असे. कथानकातील सर्व घडामोडी याच भागात घडत. दुसरा प्रकार म्हणजे ‘आरिया’, अर्थात एका पात्राने पूर्ण वाद्यवृंदाच्या साथीने म्हटलेले गीत. प्रसंग घडून गेल्यावर पात्राच्या मनात उठलेला भाव आरियात व्यक्त होई.

आरियाचा ठरलेला आकार ‘दा कापो’ या नावाने ओळखला जातो. दा कापो म्हणजे ‘आरंभापासून पुन्हा’. कवी दोन छोटी कडवी लिही. वाद्यवृंदाच्या प्रास्ताविकानंतर गायक पहिले कडवे बहुधा दोनदा गाई. मग वेगळ्या सुरावटीत दुसरे कडवे एकदाच आणि तुलनेने थोडक्यात येई. त्यानंतर पहिला भाग पुन्हा संपूर्ण गायला जाई. या पुनरावृत्तीत गायकाने स्वतःच्या प्रतिभेने ताना, मुरक्या व अलंकार घालावेत, अशी अपेक्षा असे. आरिया संपताच टाळ्यांच्या गजरात ते पात्र रंगमंचावरून निघून जाई.

या रचनेचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे पात्राचा भाव आरियाच्या शेवटी पुन्हा आरंभाच्याच जागी येई. मध्ये काही उलगडले तरी पुनरावृत्तीमुळे ते पुसले जाई. दुसरा परिणाम असा की, आरियानंतर प्रस्थान ठरलेले असल्याने कवीला प्रत्येक प्रवेश अशा बेताने रचावा लागे की गाणारे पात्र तेथून जाण्याला काही निमित्त असावे. दोघांनी किंवा अनेकांनी एकत्र गाण्याचे प्रसंग फार थोडे असत.

नायकाची भूमिका बहुधा ‘कास्ट्राटो’ गायकाकडे असे. बालपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिलेला नाही, अशा पुरुष गायकाला कास्ट्राटो म्हणत. उंच स्वर, प्रौढ माणसाची फुप्फुसे आणि अनेक वर्षांची कठोर तालीम यांमुळे त्यांचे गायन असामान्य असे. फारिनेल्ली या नावाने प्रसिद्ध असलेला कार्लो ब्रोस्की (१७०५–१७८२) हा त्यांतील सर्वांत गाजलेला गायक होय. रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर येण्यास बंदी असल्यामुळे तेथे स्त्रीभूमिकाही असेच गायक करीत.

मेतास्तासिओच्या संहितांचा दबदबा एवढा होता की, एकच संहिता अनेक संगीतकार पुन्हापुन्हा स्वरबद्ध करीत. ‘आर्तासेर्से’ या संहितेला १७३० मध्ये रोम येथे लेओनार्दो विंची याने संगीत दिले आणि त्यानंतर ऐंशीहून अधिक संगीतकारांनी ती हाताळली. प्रेक्षकांना कथा पाठ असे; ते नवे संगीत आणि नवे गायक ऐकण्यास येत.

ऑपेरा बुफाची रचना : ‘ला सेर्वा पाद्रोना’

ऑपेरा बुफा कसा वेगळा होता हे पाहण्यासाठी जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेझी याची ‘ला सेर्वा पाद्रोना’ (मालकीण झालेली मोलकरीण) ही रचना उपयुक्त आहे. १७३३ मध्ये नेपल्स येथे पेर्गोलेझीच्याच एका गंभीर ऑपेराच्या अंकांमध्ये ती मध्यंतरिका म्हणून सादर झाली. गंभीर ऑपेरा पुढे विस्मृतीत गेला, मध्यंतरिका मात्र आजही रंगमंचावर येते.

तिच्यात तीनच पात्रे आहेत. उबेर्तो हा प्रौढ, चिडखोर, अविवाहित गृहस्थ. सेर्पीना ही त्याची मोलकरीण. वेस्पोने हा नोकर मुका असून त्याला गाणेच नाही. सेर्पीनाला घराची मालकीण व्हायचे आहे. ती वेस्पोनेला सैनिकाचा वेष देऊन आपला होणारा नवरा म्हणून उभा करते. हा रागीट सैनिक अवाच्या सवा हुंडा मागतो आणि तो न मिळाल्यास उबेर्तोनेच सेर्पीनाशी लग्न करावे असे सुचवितो. उबेर्तो जाळ्यात सापडतो.

उत्तरार्धात सेर्पीना मालकाचा निरोप घेण्याचे सोंग करते, तो प्रसंग पाहण्यासारखा आहे. ती प्रथम संथ लयीत, करुण सुरात आपली आठवण ठेवण्याची विनवणी करते. मग एकाएकी लय जलद होते आणि ती प्रेक्षकांकडे वळून, मालक हळूहळू विरघळू लागला आहे, असे स्वतःशीच म्हणते. पुन्हा संथ विनवणी, पुन्हा जलद स्वगत असा हा क्रम चालतो. एकाच गीतात दोन लयी, दोन श्रोते आणि दोन हेतू आहेत. गीत चालू असतानाच उबेर्तोचे मन पालटत असते. दा कापो आरियात भाव स्थिर राहतो. येथे गाणे हीच कृती आहे.

यात आवाजांची निवडही महत्त्वाची आहे. उबेर्तोची भूमिका खर्जातील पुरुषी आवाजासाठी आहे. गंभीर ऑपेरात या आवाजाला क्वचितच मोठी भूमिका मिळे. बुफातील गायकांना कास्ट्राटो गायकांएवढे मानधन मिळत नसे आणि त्यांच्याकडून तेवढ्या ताना-अलंकारांची अपेक्षाही नसे. अभिनय, स्पष्ट शब्दोच्चार आणि सहकलाकाराशी अचूक जुळवून घेणे ही त्यांची भांडवली कौशल्ये होती. त्यामुळे संगीतकाराला प्रसंगानुरूप रचना करण्याची मोकळीक मिळाली.

पुढे नाटककार कार्लो गोल्दोनी आणि संगीतकार बाल्दास्सारे गालुप्पी यांनी अंकाच्या शेवटी अनेक पात्रे एकत्र आणणारा दीर्घ ‘फिनाले’ रूढ केला. त्यात एकामागून एक पात्रे येतात, गैरसमज वाढत जातात, प्रत्येक नव्या वळणाबरोबर लय आणि स्वरस्थान बदलते, आणि संगीत मात्र अखंड चालू राहते. मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ (१७८६) या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचा फिनाले दोन पात्रांपासून सुरू होऊन सात पात्रांपर्यंत पोहोचतो. वीसेक मिनिटांच्या या भागात रेचितातीव्हो एकदाही येत नाही.

सुधारणेच्या मागणीची कारणे

ऑपेरा सेरियावरील टीकेचा सर्वांत जुना ठळक नमुना म्हणजे व्हेनिसचा संगीतकार बेनेदेत्तो मार्चेल्लो याने १७२० मध्ये प्रसिद्ध केलेली ‘इल तेआत्रो आल्ला मोदा’ ही उपरोधिक पुस्तिका. कवी, संगीतकार, गायक व नेपथ्यकार यांना तिच्यात उलटे उपदेश केले आहेत. पण मार्चेल्लो ज्यांची थट्टा करतो, ते दोष कोणा एका व्यक्तीचे नव्हते. ते व्यवस्थेतून आलेले होते, आणि त्यांची तीन कारणे सांगता येतात.

पहिले कारण भूमिकांच्या श्रेणीचे. गोल्दोनीने आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. तरुणपणी तो स्वतःची एक गंभीर संहिता घेऊन मिलान येथे गेला असता त्याला तेथील नियम ऐकविण्यात आले. तीन प्रमुख गायकांना प्रत्येकी पाच आरिया हव्यात : पहिल्या अंकात दोन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. दुय्यम गायकांना तीन, आणि त्याखालच्यांना एक किंवा फार तर दोन. करुण आरियामागून लगेच दुसरी करुण आरिया येता कामा नये. गोल्दोनीने परत येऊन ती संहिता जाळून टाकली. कथेला काय हवे याआधी कोणाच्या वाट्याला किती गाणी, हा हिशेब पुरा करावा लागत असे.

दुसरे कारण आर्थिक व सामाजिक होते. प्रमुख गायकांचे मानधन हा नाट्यगृहाचा मोठा खर्च असे आणि प्रेक्षकही त्यांच्यासाठीच येत. श्रीमंत कुटुंबे हंगामभर सज्जा भाड्याने घेत आणि तोच ऑपेरा अनेक रात्री पाहत. सज्जात गप्पा, खाणेपिणे व पत्ते चालत. आवडत्या गायकाची आरिया आली की सगळे गप्प होत. अशा सभागृहात कथेची सलगता राखण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

तिसरे कारण खुद्द दा कापो रचनेत होते. शोकाने व्याकूळ झालेले पात्र वाद्यांचे प्रास्ताविक संपेपर्यंत उभे राहते, एकच वाक्य चार वेळा म्हणते आणि मग निघून जाते, हे विवेकाला व निसर्गाला प्रमाण मानणाऱ्या त्या काळातील विचारवंतांना पटेना.

१७५२ मध्ये एका इटालियन मंडळीने पॅरिसमध्ये ‘ला सेर्वा पाद्रोना’ सादर केली आणि तेथे दोन वर्षे चाललेला पत्रकांचा वाद पेटला. हा वाद ‘बुफाँचा कलह’ म्हणून ओळखला जातो. रूसो इटालियन पक्षाचा होता. या वादात बुफाच्या समोर इटालियन सेरिया नव्हता, तर फ्रेंच दरबारी शोकगंभीर ऑपेरा होता. तरीही साध्या माणसांची साधी सुरावट अधिक सत्य वाटते, हा विचार त्यातून युरोपभर पसरला. याउलट फ्रेंच ऑपेरातील समूहगान व नृत्य कथेत गुंफलेले असते, याकडे इटालियन टीकाकारांचे लक्ष गेले. फ्रान्चेस्को आल्गारोत्ती याने १७५५ च्या आपल्या निबंधात संगीत, नृत्य व नेपथ्य यांनी काव्याच्या हेतूला वाहून घ्यावे, असे प्रतिपादन केले.

ग्लुक आणि काल्झाबिजी

हे विचार रंगमंचावर आणण्याचे सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न व्हिएन्नात झाले. कवी रानिएरी दे काल्झाबिजी आणि संगीतकार क्रिस्टोफ व्हिलिबाल्ड ग्लुक यांचा ‘ओर्फेओ एद एउरिदीचे’ हा ऑपेरा ५ ऑक्टोबर १७६२ रोजी तेथे प्रथम सादर झाला. त्यात तीनच एकल पात्रे आहेत. हार्प्सिकॉर्डच्या साथीचे कोरडे रेचितातीव्हो त्यात नाही. संवादालाही वाद्यवृंदाचीच साथ आहे. पडदा उघडताच एउरिदीचेच्या समाधीपाशी समूह शोकगीत गात असतो आणि ओर्फेओ त्यामधून केवळ तिचे नाव तीनदा पुकारतो. जुन्या पद्धतीत नायकाचे पहिले गाणे त्याच्या गळ्याची तयारी दाखविणारे असते, त्या जागी येथे एक हाक आहे.

दुसऱ्या अंकात ओर्फेओ पाताळाच्या दारी येतो. तेथील उग्र देवतांचा समूह त्याची वाट अडवितो. तो हार्पच्या साथीने विनवू लागतो आणि त्याच्या ओळींमध्येच समूहाचा ‘नाही’ हा नकार कोसळतो. हळूहळू समूहाचे गाणे मवाळ होत जाते आणि अखेर वाट मोकळी होते. सेर्पीनाच्या गीताशी याची तुलना करता येते. विषय पूर्णतः भिन्न असला, तरी गाता गाता समोरच्याचे मन पालटणे हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

ओर्फेओची भूमिका गाएतानो ग्वादान्यी या कास्ट्राटो गायकानेच केली. म्हणजे सुधारणा गायकाच्या प्रकाराविरुद्ध नव्हती, त्याच्या वर्तनाविरुद्ध होती. ग्वादान्यी लंडनमध्ये टाळ्यांना मान लववून उत्तर देत नसे आणि गाणे पुन्हा म्हणण्यास नकार देई. त्यामुळे प्रेक्षक नाराज होत, अशी नोंद चार्ल्स बर्नी या समकालीन संगीत-इतिहासकाराने केली आहे.

‘आल्चेस्ते’ (१७६७) या पुढील ऑपेराच्या १७६९ मध्ये छापलेल्या प्रतीला ग्लुकच्या नावाने एक प्रस्तावना जोडलेली आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक लेओपोल्ड याला ती अर्पण केली आहे. संगीताने काव्याची सेवा करावी. संवादाच्या भरात नटाला वाद्यांच्या तुकड्यासाठी थांबवू नये. सोयीच्या स्वरावर तानबाजी करण्यासाठी शब्दाला खोळंबा नको. दुसरे कडवे अधिक उत्कट असताना केवळ पहिल्याची पुनरावृत्ती करण्यासाठी ते घाईने उरकू नये. आरंभीच्या वाद्यसंगीताने कथेची चाहूल द्यावी, हे तिचे मुख्य मुद्दे होत.

सुधारणेच्या मर्यादा व परिणाम

सुधारणा वाटते तेवढी समूळ नव्हती. ‘ओर्फेओ’चे आरंभीचे वाद्यसंगीत उत्सवी थाटाचे असून पुढील शोकाशी त्याचा मेळ बसत नाही. मूळ कथेत एउरिदीचे कायमची गमावली जाते. येथे मात्र प्रेमदेवता तिला परत आणते, कारण दरबारी सोहळ्यात सुखान्त अपेक्षित होता. मेतास्तासिओच्या संहिताही लगेच मागे पडल्या नाहीत.

बदलाचा मोठा भाग प्रस्तावनांपेक्षा प्रत्यक्ष व्यवहारातून, बुफाकडून सेरियाकडे आला. याचे चांगले उदाहरण म्हणजे ‘ला क्लेमेन्त्सा दी तीतो’. मेतास्तासिओची ही संहिता प्रथम १७३४ मध्ये स्वरबद्ध झाली होती. १७९१ मध्ये प्राग येथे बोहेमियाच्या राज्याभिषेकासाठी मोझार्टने ती घेतली, तेव्हा कातेरिनो मात्सोला या कवीने तिचे तीन अंकांचे दोन अंक केले, अनेक आरिया काढल्या आणि त्यांच्या जागी द्विगीते, त्रिगीते व फिनाले घातले. पहिल्या अंकाच्या शेवटी रोममध्ये आग लागलेली असते, पात्रे एकेक करून गोंधळलेल्या मनाने येतात, दुरून समूहाचा आक्रोश ऐकू येतो आणि अंक हलक्या सुरात संपतो. बांधणी बुफाच्या फिनालेची आहे आणि आशय संपूर्णपणे गंभीर आहे. मोझार्टने स्वतःच्या नोंदवहीत या ऑपेरापुढे, संहितेचे ‘खऱ्या ऑपेरात’ रूपांतर केले आहे, अशा अर्थाची नोंद केली. ज्याचा राज्याभिषेक होता तो सम्राट दुसरा लेओपोल्ड म्हणजे ‘आल्चेस्ते’ची प्रस्तावना ज्याला अर्पण झाली होती, तोच टस्कनीचा ग्रँड ड्यूक होय.

मराठी संगीत नाटकाशी तुलना

मराठी संगीत नाटक हा ऑपेरा नव्हे. त्यात संवाद गद्य असतात आणि पदे रागदारीवर किंवा लोकप्रिय चालींवर बेतलेली असतात. तरीही गायकाचे वर्चस्व आणि कथेची सलगता यांतील ताण दोन्हीकडे दिसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) पासून सुरू झालेल्या परंपरेत बालगंधर्वांच्या काळापर्यंत पदांना ‘वन्स मोअर’ मिळणे आणि प्रयोग रात्री उशिरापर्यंत लांबणे नित्याचे झाले. रोमप्रमाणेच येथेही स्त्रीभूमिका पुरुष करीत. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या, पदे मोजकीच ठेवली आणि ती प्रसंगात सामावून घेतली. हा बदल ग्लुकच्या प्रभावातून आलेला नव्हता. इब्सेनच्या काळातील युरोपीय गद्य नाटक हा त्याचा आदर्श होता. त्यामुळे परिणामही वेगळा झाला. व्हिएन्नात सुधारणेनंतर कथा संगीतातूनच पुढे जाऊ लागली, तर मराठी रंगभूमीवर कथेचा भार अधिकाधिक गद्याकडे गेला आणि पद क्रमाने कमी होत गेले.